रात्री पावणेतीनचा आकडा

प्रश्न : माझे यजमान ६६ वर्षांचे आहेत, बँकेतून निवृत्त झाले. मुलीनं वाढदिवसाला नाडी मोजणारं घड्याळ दिलं. मागच्या महिन्यात एका पहाटे त्यात ४२ आकडा दिसला आणि त्या दिवसापासून घरातली झोपच गेली. हे रात्री तीन-चारदा उठून घड्याळ बघतात, मलाही उठवतात. ईसीजी काढला, तो ठीक आला, तरी समाधान नाही. बीपीची एक गोळी रात्री असते, बाकी काही त्रास नाही. चक्कर नाही, दम लागत नाही. त्या ४२चं काय करायचं? घड्याळ काढून ठेवू का?

उत्तर :

ताई, घड्याळ काढून ठेवू नका. मात्र पुढचे तीन आठवडे ते रात्री उलटं, काच मनगटाच्या आतल्या बाजूला येईल असं बांधायला सांगा, म्हणजे जाग आली तरी आकडा सहजी दिसणार नाही. असं का, ते सांगायला मला आमच्या सरांची गोष्ट सांगावी लागेल. त्यांची परवानगी घेतली आहे. नाव मात्र छापू नकोस म्हणाले.

सरांनी मला आठवीत गणित शिकवलं. आता ते ७१ वर्षांचे आहेत आणि मी ज्या गावात दवाखाना चालवते तिथंच राहतात. मागच्या हिवाळ्यात एका रात्री तीन वाजून दहा मिनिटांनी त्यांचा फोन आला. मी "हॅलो" म्हणायच्या आत पलीकडून आवाज : "अगं, अडतीस!"

झालं होतं असं. पावणेतीनला ते लघवीला उठले, परत येऊन पलंगावर बसले आणि सवयीनं मनगट वर केलं. घड्याळात ३८. त्यांनी काकूंना उठवलं. काकूंनी साखरपाणी केलं, वरच्या मजल्यावरच्या मुलाला हाक मारली, रिक्षा बोलवायची की काय यावर चर्चा झाली आणि मग मला फोन.

मी आधी चारच गोष्टी विचारल्या : छातीत दुखतंय का, चक्कर आली का, डोळ्यांपुढे अंधारी आली का, दम लागलाय का. चारही "नाही". यातलं एक जरी "हो" असतं, तर पुढची गोष्ट घडलीच नसती. मी १०८ला फोन करायला सांगितलं असतं आणि मीही निघाले असते. अशा वेळी आकडा कितीही चांगला असला तरी त्याकडे बघायचं नसतं. तुमच्याही घरी हाच नियम ठेवा.

मग मी त्यांना फोन स्पीकरवर टाकायला लावला. डाव्या हाताच्या अंगठ्याच्या मुळाशी उजव्या हाताची मधली तीन बोटं ठेवा, अंगठा वापरू नका (अंगठ्याला स्वतःचे ठोके असतात, तेच मोजले जातात), आणि मोठ्यानं मोजा. मी घड्याळ लावलं. तीस सेकंदांत सर ४६पर्यंत पोचले. म्हणजे मिनिटाला ९२.

"हे कसं शक्य आहे?" सर म्हणाले. "वीस मिनिटांपूर्वी अडतीस होती!"

माणूस घाबरला की नाडी नव्वदीत जाते, यात नवल नाही. खरा प्रश्न त्या ३८चा होता. सकाळी या म्हटलं आणि झोपले. सर झोपले नाहीत. सकाळी नऊला दवाखान्यात आले ते एक फुलस्केप कागद घेऊनच. तीन ते सहाच्या दरम्यान त्यांनी ४१ वेळा नाडी मोजली होती : ९२, ९६, १०४, ८८... शेजाऱ्यांकडून बोटाला लावायचं ऑक्सिमीटरही आणलं होतं. थंडीनं बोटं गार पडलेली, त्यामुळे त्यानं आधी ६१ दाखवले आणि पुढच्याच मिनिटाला १०३. त्या कागदाचा उपयोग एवढाच झाला की घाबरलेल्या माणसाची नाडी कशी वागते हे मला नीट दिसलं.

ईसीजी काढला. ठोके नियमित होते आणि हृदयाच्या वरच्या कप्प्यातून निघालेला निरोप खालच्या कप्प्यात वेळेवर पोचत होता. वेग ५८. म्हणजे तुमच्या यजमानांसारखाच, "ठीक". आणि त्यांच्यासारखंच सरांचंही त्यावर समाधान झालं नाही. खरं सांगायचं तर ते बरोबरच होतं. ईसीजी म्हणजे दहा-बारा सेकंदांचा फोटो. रात्री पावणेतीनला काय झालं, हे सकाळी साडेनऊचा फोटो कसा सांगणार?

मी त्यांना म्हटलं, "सर, ३८ हा आकडा दोन प्रकारे येऊ शकतो. एक, तो खराच आहे. गाढ झोपेत शरीराची ब्रेक लावणारी नस जोरात असते, नाडी पन्नाशीखाली, कधी क्षणभर चाळिशीच्या आसपासही जाते. धडधाकट माणसांचीही जाते. दिवसा जागेपणी ६० ते १००चा जो हिशेब आपण धरतो, तो झोपलेल्या माणसाला लावायचा नसतो. दुसरं म्हणजे तो खोटा आहे."

घड्याळ हृदय ऐकत नाही. ते कातडीवर हिरवा उजेड टाकतं आणि परत येणाऱ्या उजेडातल्या चढउतारावरून रक्ताची लाट मोजतं. हात अंगाखाली दाबला गेला, पट्टा सैल झाला, मनगट गार पडलं की लाटा हुकतात. शिवाय एक गंमत आहे, ती बहुतेकांना माहीत नसते. अनेकांच्या हृदयात अधूनमधून एखादा ठोका वेळेआधी पडतो. तो अर्धवट असतो, त्याची लाट मनगटापर्यंत पोचतच नाही. असा ठोका एकाआड एक पडू लागला तर हृदयात ७६ ठोके पडत असतात आणि मनगटावर लागतात ३८. बरोबर निम्मे. सर तेव्हा नुकतेच चालून येऊन बसले होते. तशा अवस्थेत त्यांची नाडी सत्तरीत असायला हवी, हे लक्षात घेतलं की मला या निम्म्याचा संशय जास्त येतो. पण संशयच. त्या एका आकड्याचं खरं कारण आता कोणालाही सांगता येणार नाही. सरांना नेमकं हेच पटत नव्हतं. गणिताच्या मास्तराला उत्तर नसलेलं उदाहरण सहन होत नाही.

म्हणून मी प्रश्न बदलला. "सर, घड्याळ रात्रीत किती वेळा मोजतं?"

त्यांचं घड्याळ दर दहा मिनिटांनी मोजत होतं. सात तासांची झोप म्हणजे ४२ मोजमापं. महिन्याची १२६०. "समजा हजारात दोनच मोजमापं फसतात. मग महिन्यात किती?"

"अडीच," सर लगेच म्हणाले, आणि मग गप्प झाले.

मला वाटतं, त्यांची भीती इथेच निम्मी झाली. जितक्या जास्त वेळा मोजाल तितका त्यातला सगळ्यात खालचा आकडा आणखी खाली जाणार. त्याला आजारच लागतो असं नाही. बाराशे साठ चिठ्ठ्यांमधून सगळ्यात विचित्र चिठ्ठी काढून तिच्यावर झोप उडवायची, हा व्यवहारच तोट्याचा आहे.

घड्याळाबरोबरच्या मोबाइलमध्ये मागच्या नऊ आठवड्यांच्या नोंदी होत्या. त्या आठवड्याचे सात रात्रींचे सर्वात खालचे आकडे मी वाचून दाखवले : ४९, ५०, ४८, ५०, ४९, ४८, ३८. सरांनी तोंडी सरासरी काढली, ४७.४. "बघ, सरासरीही खाली आली."

"सर, सरासरी नको. मध्यक काढा."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला पुन्हा आठवीच्या बाकावर बसल्यासारखं झालं. मग आकडे चढत्या क्रमानं मांडले : ३८, ४८, ४८, ४९, ४९, ५०, ५०. मधला चौथा. ४९. त्यांनी ३८ खोडून तिथं ४८ लिहिलं, तरी मध्यक ४९च. ३८च्या जागी २० लिहिले, तरी ४९. शेवटी पेन ठेवून म्हणाले, "सरासरी भिडस्त असते. कोणी एकानं हात ओढला की निघाली त्याच्याबरोबर. मध्यक जागचा हलत नाही." हे वाक्य त्यांचं आहे, मी चोरून बऱ्याच रुग्णांना ऐकवलंय.

पुढे मी आणखी एक सुधारणा सुचवली. मुळात रात्रीचा सर्वात खालचा आकडा धरायचाच कशाला? तो सगळ्यात उड्या मारणारा. त्याऐवजी "झोपेतली सरासरी नाडी" म्हणून एकच आकडा मोबाइल दाखवतो, तो घ्या. दर रात्रीचा एक. आठवड्याचे सात मांडा आणि त्यांचा मध्यक काढा. आकडा एका आठवड्यात एकच, आणि तो रविवारी सकाळी बघायचा. रात्री नाही. सरांनी दुसऱ्याच दिवशी वही आखली : तारीख, आकडा, शेरा. शेऱ्याचा रकाना मी सांगितला नव्हता, पण मास्तरांना शेऱ्याशिवाय करमत नाही. त्या रकान्यानंच पुढे कमाल केली.

आठवड्यानं सर आले तेव्हा घाबरलेले नव्हते, जरा कोड्यात पडलेले होते. जुन्या नोंदी उतरवून त्यांनी नऊ आठवड्यांचे मध्यक मांडले होते. पहिले पाच असे : ५८, ५७, ५८, ५९, ५८. पुढचे चार : ५५, ५३, ५२, ५२.

"३८च्या रात्रीचं सोड," ते म्हणाले. "त्या रात्रीचा झोपेतला आकडा ५२च आहे, बाकीच्या रात्रींसारखा. पण हे बघ. अठ्ठावन्नवरून बावन्न. आणि एकदा उतरला तो परत चढलाच नाही."

आता मी सरसावून बसले. एकटा ३८ काहीच सांगत नव्हता, पण पायरी उतरावी तसा सहा ठोक्यांचा उतार, तोही चार आठवडे टिकलेला, बरंच सांगत होता. मी सरांना ओळखते. त्यांचं वजन, चालणं, जेवण बदललेलं नव्हतं. गोळी एकच, कोलेस्टेरॉलची, ती नाडीला हात लावत नाही. "सहाव्या आठवड्याच्या सुमारास नवीन काय झालं?"

सरांनी मोबाइलमधली दिनदर्शिका उघडली, तारखा लावल्या आणि त्या आठवड्यासमोरच्या रिकाम्या रकान्यात शेरा लिहिला : "काचबिंदू. नवे थेंब सुरू."

औषध म्हणून डोळ्याचे थेंब कोणी सांगतच नाही. मीही पहिल्या दिवशी "गोळ्या कोणत्या?" एवढंच विचारलं होतं, ही माझी चूक. थेंबांच्या बाटलीवर नाव होतं टिमोलॉल. हे औषध बीटा ब्लॉकर जातीचं, म्हणजे हृदयाचा वेग कमी करणाऱ्या गोळ्यांचं सख्खं भावंड. डोळ्यात टाकलेला थेंब सगळा डोळ्यात राहत नाही. आतल्या कोपऱ्यातल्या बारीक नळीतून तो नाकात उतरतो (म्हणून तर थेंब टाकल्यावर घशात कडू लागतं) आणि नाकाच्या अस्तरातून सरळ रक्तात जातो. पोटातून गेलेल्या औषधाचा बराच भाग यकृत वाटेतच निकामी करतं. नाकातून गेलेलं औषध त्या वाटेनं जातच नाही. त्यामुळे थेंब एवढासा असला तरी काही जणांच्या नाडीवर त्याचा परिणाम दिसतो.

मग सरांना आणखी एक आठवलं. गेला महिनाभर टेकडीवरच्या देवळाच्या पायऱ्या चढताना ते एकदा थांबत होते. वयाच्या खात्यावर टाकून मोकळे झाले होते.

थेंब बंद करा, असं मी सांगितलं नाही. काचबिंदूत औषध मध्येच सोडलं तर गेलेली नजर परत येत नाही. मी डोळ्यांच्या डॉक्टरांना चिठ्ठी लिहिली, तीत नऊ मध्यक आणि थेंब सुरू झाल्याची तारीख. भेट मिळेपर्यंत थेंब टाकल्यावर डोळा मिटून आतला कोपरा, नाकाच्या बाजूचा, बोटानं दोन मिनिटं दाबून धरायला सांगितलं, म्हणजे नळीतून खाली कमी उतरतं. डॉक्टरांनी थेंब बदलून दुसऱ्या जातीचे, लॅटॅनोप्रोस्ट, दिले. पुढचे चार मध्यक : ५३, ५५, ५७, ५८. पायऱ्यांवरचा थांबाही गेला.

आता तुमच्या घराकडे येते.

यजमानांच्या बीपीच्या गोळीचं नाव तुम्ही लिहिलं नाही. पट्टी उलटी करून औषधाचं मूळ नाव वाचा. ते "लॉल"वर संपत असेल (मेटोप्रोलॉल, अटेनोलॉल, बिसोप्रोलॉल), किंवा डिल्टियाझेम अथवा व्हेरापामिल असेल, तर नाडी हळू करणं हे त्या गोळीचं कामच आहे. रात्री घेतलेल्या गोळीनंतर पहाटे ४२ दिसणं मग फारसं आश्चर्याचं नाही. पण म्हणून गोळी आपल्या मनानं बंद करू नका. "लॉल"ची गोळी एकदम थांबवली तर नाडी आणि बीपी उसळी मारून वर येतात, आणि ते जास्त धोक्याचं आहे. अॅम्लोडिपिन किंवा टेल्मिसार्टन असेल, तर त्यांनी नाडी अशी खाली येत नाही. तेव्हा डोळ्याचे थेंब चालू आहेत का तेही बघा.

दुसरा प्रश्न तुम्हालाच, कारण शेजारी तुम्ही झोपता. ते जोरात घोरतात का, आणि घोरता घोरता श्वास थांबून मग दचकल्यासारखा परत सुरू होतो का? तसं असेल तर श्वास थांबताना नाडी खाली जाते आणि सुटताना झटक्यानं वर येते. घड्याळाच्या रात्रीच्या रेषेत ते करवतीच्या दात्यांसारखं दिसतं. हा झोपेतला श्वासाचा आजार तपासून घेण्यासारखा आहे, आणि रात्री नाडी हळू दिसली की डॉक्टर त्याची चौकशी करतातच.

बाकी वही सरांसारखीच आखा. रोज सकाळी तुम्ही (यजमान नकोत, ते आकड्यापाशी रेंगाळतील) मोबाइलमधून झोपेतल्या सरासरीचा एक आकडा उतरवा. शेऱ्यात उशिरा जेवण, लग्नघर, ताप, जागरण, नवीन औषध, जे असेल ते. तापाच्या किंवा जागरणाच्या रात्री आकडा वर जातो, तोही लिहा, खोडू नका. रविवारी सात आकडे चढत्या क्रमानं मांडून चौथा वेगळ्या रंगानं लिहा. यजमान बँकेतले आहेत, हे काम त्यांच्याकडे द्या, हाताला काम मिळेल. मागच्या दोन महिन्यांच्या नोंदी मोबाइलमध्ये असतील, त्याही उतरवा, म्हणजे त्यांचा नेहमीचा आकडा कोणता ते आजच कळेल. एखादा आठवडा दोन-तीन ठोक्यांनी इकडेतिकडे झाला तर सोडून द्या. पाच-सहा ठोक्यांचा फरक, वर किंवा खाली, दोन आठवडे टिकला आणि शेऱ्यात त्याचं कारण सापडत नसेल, तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा.

या मध्यकाचा एक दोष मात्र लक्षात ठेवा. तो एकटा आकडा गिळतो, हा त्याचा गुण आहे आणि दोषही तोच आहे. काहींच्या हृदयाची लय मधूनच तासभर बिघडते आणि परत जागेवर येते. आठवड्याच्या मध्यकात त्याचा मागमूस लागत नाही. म्हणून विचित्र आकडे वहीत वेगळे मोजा. महिन्यात एखादा असला तर तो बाराशे साठातला. आठवड्यात तीन-तीन येऊ लागले किंवा दिवसा, जागेपणी, शांत बसलेले असताना दिसू लागले, तर मनगटावर हातानं पूर्ण एक मिनिट मोजा. ठोके एकसारखे लागत नसतील किंवा नाडी पन्नासच्या खाली राहत असेल, तर डॉक्टरांकडून चोवीस तासांची ईसीजी पट्टी, होल्टर, लावून घ्या. रात्रीची खरी गोष्ट तीच सांगते. आणि छातीत दुखणं, शुद्ध हरपणं, दम लागणं यांपैकी काही झालं तर वही बाजूला ठेवून १०८.

रात्री जाग आली की यजमान मोजायला उठतील, हे नक्की. पहिले चार-पाच दिवस तुम्ही घड्याळ अडवाल तर भांडण होईल. तेव्हा एक तडजोड सांगते, सरांच्या घरी काकूंनी हीच केली होती. रात्री मोजायचंच असेल तर आधी पाच मिनिटं उशीला टेकून शांत बसायचं, मग हातानं मोजायचं, घड्याळानं नाही, आणि आकडा काकूंच्या वहीत लिहायचा. काकू म्हणतात, पाच मिनिटं बसल्या बसल्या सर पुन्हा झोपून जायचे. त्या वहीत तीन आठवड्यांत दोनच नोंदी आहेत.

डॉक्टरांकडे जाताना वहीबरोबर गोळीची पट्टी आणि थेंब असतील तर बाटलीही पिशवीत टाका. चिठ्ठीवर नाव लिहून नेऊ नका, लिहिताना "लॉल" हमखास गळतं.